लॅब टेक्निक्सची तयारी: कोणती पद्धत नेमकं काय पकडते

प्रश्न: मी सिंधुदुर्गात टीवायबीएस्सीला आहे, विषय प्राणिशास्त्र. एम.एस्सी. बायोटेकच्या प्रवेश परीक्षेला दोन महिने आहेत. टेक्निक्सचं प्रकरण तीनदा वाचलं, तरी ब्लॉटिंग, एलायझाचे प्रकार, पीसीआरचे प्रकार यांत घोळ होतोच. आमच्या लॅबमध्ये कलरीमीटर, सेंट्रीफ्यूज आणि मायक्रोस्कोप एवढंच आहे. कोणत्या क्रमाने अभ्यास करू?

उत्तर:

पुस्तकात हे प्रकरण यंत्रांच्या क्रमाने लावलेलं असतं. आधी मायक्रोस्कोपी, मग सेंट्रीफ्यूज, मग क्रोमॅटोग्राफी, इलेक्ट्रोफोरेसिस आणि शेवटी ब्लॉटिंग. परीक्षेतला प्रश्न उलट्या बाजूने येतो. एक नमुना दिलेला असतो, एक शंका दिलेली असते आणि ती कशाने फिटेल ते विचारलेलं असतं. तुम्ही तिन्ही वेळा यंत्रांच्याच क्रमाने वाचलंत, म्हणून तिन्ही वेळा घोळ तिथल्या तिथे राहिला.

तेव्हा एक दोनशे पानी वही घ्या आणि पानांना यंत्रांची नावं देऊ नका. पानाच्या डोक्यावर लिहा: ‘किती आहे’, ‘हा क्रम आहे का’, ‘आकार केवढा’, ‘अँटीबॉडी कोणाला धरते’, ‘कोण कोणाला चिकटतं’. प्रत्येक पद्धत आपापल्या पानावर जाईल आणि तिच्यासमोर चार रकाने असतील: नमुना काय, पकडणारा कोण, दिसतं कशामुळे, आणि यातून काय सिद्ध होत नाही. उदाहरणार्थ वेस्टर्न ब्लॉट. नमुना म्हणजे आकारानुसार वेगळी केलेली प्रोटीन्स. पकडणारी अँटीबॉडी. दिसतं ते दुसऱ्या अँटीबॉडीला जोडलेल्या एन्झाइममुळे. आणि सिद्ध काय होत नाही? ते प्रोटीन काम करतं का, आणि पेशीत कुठे बसलेलं असतं. चौथा रकाना भरायचा बहुतेकांना कंटाळा येतो, पण चुकीचे पर्याय हटकून तिथूनच काढलेले असतात.

दोन गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. पहिली, परीक्षा कोणती. काहींत गणितं जास्त असतात, काहींत तर्काचे प्रश्न. आधी अधिकृत अभ्यासक्रम आणि मिळतील त्या जुन्या प्रश्नपत्रिका पाहून घ्या. दुसरी, तुमचं लॉग आणि डायल्यूशनचं गणित. ते कच्चं असेल तर खाली दिलेल्या पहिल्या आठवड्याचे सरळ दहा दिवस करा आणि ते दिवस शेवटच्या भागातून कापा. लॅब लहान असल्याची फार चिंता करू नका. प्रश्न यंत्राच्या बटणांवर येत नाहीत.

पहिला आठवडा: किती आहे

इथे तुमचा कलरीमीटर कामाचा आहे. तो दृश्य प्रकाशातच वाचतो, म्हणून डीएनए त्यावर थेट मोजता येणार नाही, पण प्रोटीन येईल. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचं द्रावण घ्या, बाययुरेट अभिकारक घाला आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासच्या फिल्टरवर वाचा. प्रमाणित प्रोटीनची पाच-सहा डायल्यूशन्स लावून आलेखही काढा. हे करताना वहीत लिहा की बाययुरेट पकडतं ते पेप्टाइड बंधाला. ब्रॅडफर्डचा रंग चिकटतो मुख्यतः आर्जिनिनसारख्या बेसिक अमिनो आम्लांना, आणि २८० नॅनोमीटरवर शोषून घेतात ते ट्रिप्टोफॅन व टायरोसिन. तिन्हींना आपण ‘प्रोटीन मोजणं’ म्हणतो, पण तीन वेगळ्या गोष्टी मोजल्या जातात. ज्या प्रोटीनमध्ये ट्रिप्टोफॅन नाही आणि टायरोसिनही नावालाच आहे, ते २८० वर जवळजवळ दिसणारच नाही. बाययुरेटमध्ये मात्र व्यवस्थित दिसेल. असा प्रश्न आला तर पाठांतर उपयोगी पडत नाही, रकाना पडतो.

आता डीएनएचं एक गणित पूर्ण करू. हापूसच्या कोवळ्या पानातून डीएनए काढला आहे. त्यातले ५ मायक्रोलिटर घेऊन ४९५ मायक्रोलिटर पाण्यात मिसळले, म्हणजे शंभरपट डायल्यूशन. एक सेंटीमीटरच्या क्युव्हेटमध्ये २६० वर वाचन आलं ०.२५ आणि २८० वर ०.१४. दुहेरी डीएनएसाठी २६० वर वाचन १ म्हणजे मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. म्हणून ०.२५ × ५० × १०० = १२५०, म्हणजे मूळ नळीत मिलिलिटरला १२५० मायक्रोग्रॅम, अर्थात मायक्रोलिटरला १.२५ मायक्रोग्रॅम. दोन वाचनांचं गुणोत्तर १.७९, म्हणजे ‘शुद्ध’. इथवर सगळ्यांना येतं.

पण नमुना जेलवर चालवला तर वरचा डीएनएचा बँड फिका, आणि खाली लहान तुकड्यांच्या जागी धुरकट चमक. का? २६० नॅनोमीटर डीएनएला ओळखत नाही, बेसना ओळखतो. आरएनए त्यात बेमालूम मिसळून जातो आणि तुमचे १२५० फुगवून ठेवतो. गुणोत्तरानेही ते कळत नाही, कारण शुद्ध आरएनएचं गुणोत्तर २ च्या आसपास असतं. ते १.८ ला खाली ओढत नाही, वर नेतं. थोडं प्रोटीन सोबत असेल तर दोन्ही मिळून पुन्हा १.८ च्या घरात येऊन बसतात. शिवाय तेवढ्याच वजनाच्या प्रोटीनपेक्षा डीएनए कितीतरी जास्त प्रकाश शोषतो, म्हणून गुणोत्तर ठळक घसरायला बरंच प्रोटीन मिसळलेलं असावं लागतं. चौथ्या रकान्यात लिहा: १.८ म्हणजे शुद्ध असं सिद्ध होत नाही.

आंब्याच्या पानात आणखी एक भानगड असते, ती पॉलिसॅकराइडची. हा चिकट भाग २६० वरही दिसत नाही आणि २८० वरही नाही, पण पीसीआर अडवतो. ओळखायचं कसं? द्रावण पिपेटमधून तार धरून येतं, जेलवर डीएनए वेलमध्येच अडकून राहतो, आणि सगळ्यात खात्रीची खूण म्हणजे टेम्प्लेट दहापट पातळ केल्यावर पीसीआर चालू लागतो. टेम्प्लेट कमी केल्यावर उत्पादन वाढलं, तर कमतरता डीएनएची नव्हती, अडथळा होता. अशा पानांसाठी सीटीएबी पद्धत वापरतात. तिच्या बफरमध्ये मीठ मुद्दाम जास्त, साधारण १.४ मोलर ठेवतात. एवढ्या मिठात सीटीएबी पॉलिसॅकराइड आणि प्रोटीनला धरून क्लोरोफॉर्मच्या पायरीत बाहेर काढतं आणि डीएनए वरच्या पाण्याच्या थरात राहतो. मीठ कमी पडलं तर सीटीएबी डीएनएलाच घेऊन खाली बसतं. ‘मीठ का’ हा प्रश्न विचारायला सोपा आणि चुकायलाही सोपा आहे.

दुसरा आठवडा: हा क्रम आहे का

सदर्न, नॉर्दर्न आणि पीसीआर हे सगळे एकाच पानावर, कारण तिन्हींत पकडणारा न्यूक्लिइक आम्लाचा तुकडाच असतो. सदर्न आणि नॉर्दर्नमध्ये प्रोब, पीसीआरमध्ये प्रायमर. सदर्न हे एडविन सदर्न यांचं आडनाव, पद्धत १९७५ ची. बाकीच्या दिशा त्यावरच्या कोट्या आहेत, त्यांत अर्थ शोधू नका. सदर्नमध्ये नमुना डीएनए, नॉर्दर्नमध्ये आरएनए. नॉर्दर्नच्या जेलमध्ये फॉर्मल्डिहाइड असतं, कारण आरएनए स्वतःभोवती गुंडाळला जातो आणि तो उलगडल्याशिवाय लांबीप्रमाणे धावत नाही. वेस्टर्न या पानावर लिहूच नका. त्यातला पकडणारा वेगळा, म्हणून पान वेगळं. एवढ्यानेच तुमचा निम्मा घोळ सुटेल.

पीसीआरमध्ये खरी गल्लत ‘आरटी’ या दोन अक्षरांची आहे. एक आरटी म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन: नमुना आरएनए, आधी त्याचा सीडीएनए करायचा. दुसरं रिअल टाइम: उत्पादन बनताना चक्रागणिक मोजायचं, त्याला क्यूपीसीआर म्हणावं म्हणजे भांडण मिटतं. दोन्ही एकत्रही असू शकतात. आरएनए नमुन्यात जिनोमिक डीएनए शिरला असेल तर? त्यासाठी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घालता एक नळी लावतात. तिच्यातही उत्पादन आलं, तर जे मोजलं ते सगळं आरएनएचं नव्हतं.

क्यूपीसीआरचं एक उदाहरण सोडवून ठेवा. उपचार न केलेल्या पेशींत तुमचं जीन २२ व्या चक्राला उंबरठा ओलांडतं, संदर्भ जीन १८ व्या. उपचार केलेल्यांत तुमचं जीन २५, संदर्भ २१. घाईत वाचलं तर जीन तीन चक्रं उशिरा आलं, म्हणजे २ चा घन, आठपट कमी झालं असं वाटतं. आठपट हा पर्यायही तिथे असतोच. पण संदर्भही तीनच चक्रं मागे गेला आहे. फरक दोन्हीकडे ४ आहे, म्हणजे जीनमध्ये बदल नाही, दुसऱ्या नळीत सीडीएनएच कमी पडला होता. सायबर ग्रीन वापरलं असेल तर आणखी एक ओळ जोडा: तो कोणत्याही दुहेरी डीएनएला चिकटतो, प्रायमर एकमेकांना जुळून झालेल्या तुकड्यांनाही. म्हणून शेवटी मेल्टिंग कर्व्ह पाहतात. एकच शिखर हवं. कमी तापमानाला दुसरा उंचवटा दिसला तर बहुधा तो प्रायमर डायमर.

तिसरा आठवडा: आकार केवढा

एसडीएस-पेज आणि जेल फिल्ट्रेशन शेजारी शेजारी लिहा, कारण दोन्ही ‘आकार’ म्हणतात आणि दोन्ही वेगळा आकार सांगतात. जेल फिल्ट्रेशनमध्ये प्रोटीन अखंड, आपल्या जोडीदारांसह जातं, आणि मोठं आधी बाहेर पडतं, कारण ते मण्यांच्या छिद्रांत शिरत नाही. एसडीएस-पेजमध्ये घडी मोडते, जोडीदार सुटतात, आणि मोठं मागे राहतं. एसडीएस डायसल्फाइड बंध मात्र तोडत नाही, त्यासाठी बीटा-मर्कॅप्टोइथॅनॉल लागतं.

आता हे कोडं घ्या. एक प्रोटीन जेल फिल्ट्रेशनमध्ये १६० किलोडाल्टनला येतं. मर्कॅप्टोइथॅनॉलशिवाय एसडीएस-पेजवर ८० चा एकच बँड. मर्कॅप्टोइथॅनॉलसह ५० आणि ३० असे दोन. शेवटाकडून सोडवा. ५० आणि ३० या दोन साखळ्या डायसल्फाइडने बांधलेल्या आहेत, त्यांची बेरीज ८०. असे दोन ८० एसडीएसने सुटतात, म्हणजे त्यांच्यात डायसल्फाइड नाही, साधे आकर्षणबंध आहेत. उत्तर: दोन मोठ्या आणि दोन लहान साखळ्या. आता याच्याशेजारी आयजीजी ठेवा. त्याचं मर्कॅप्टोइथॅनॉलशिवाय सुमारे १५०, आणि त्यासह ५० व २५. तिथे चारही साखळ्या डायसल्फाइडनेच बांधलेल्या, म्हणून मधला टप्पा दिसत नाही. हा फरक स्वतःच्या शब्दांत लिहिता आला की पान झालं. चौथ्या रकान्यात एक पथ्य लिहा: जेल फिल्ट्रेशनचा आकडा गोलसर प्रोटीनसाठी खरा, लांबुडकं प्रोटीन आहे त्यापेक्षा मोठं भासतं.

चौथा आठवडा: अँटीबॉडी कोणाला धरते

एलायझाचे प्रकार नावांनी पाठ करू नका. प्रत्येक वेळी विचारा, प्लेटच्या तळाला काय चिकटवलंय आणि रुग्णाकडून काय आलंय. तळाला प्रतिजन, रुग्णाची अँटीबॉडी शोधायची: इनडायरेक्ट. तळाला अँटीबॉडी, रुग्णातलं प्रतिजन शोधायचं आणि वरून दुसरी अँटीबॉडी: सँडविच, डेंग्यूची एनएस१ चाचणी याच धर्तीची. कॉम्पिटिटिव्हमध्ये रंग जितका कमी तितकं नमुन्यातलं प्रतिजन जास्त. प्रश्नात आलेख उतरता दिसला की हेच.

आपल्याकडे भातलावणीच्या दिवसांत हमखास कानावर येणारा लेप्टो हे या पानासाठी फार चांगलं उदाहरण आहे, कारण एकाच आजारात पद्धतींचं काम वाटून दिलेलं आहे. समजा ताप येऊन चौथा दिवस आहे, आणि पर्याय आहेत रक्ताचा पीसीआर, आयजीएम एलायझा, मॅट ही गुठळ्या पाहण्याची चाचणी आणि लघवीचं ग्रॅम स्टेनिंग. चौथ्या दिवशी जिवाणू रक्तात फिरत असतो, म्हणून त्याचा डीएनए सापडण्याची शक्यता चांगली. अँटीबॉडी साधारण पाचव्या ते सातव्या दिवसापासून मोजण्याइतकी होते, म्हणून एलायझा निगेटिव्ह आली तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. मॅटही अँटीबॉडीच शोधते, तिलाही थांबावं लागतं. लघवीत जिवाणू साधारण दुसऱ्या आठवड्यात उतरतो. त्यातून लेप्टोस्पायरा इतका बारीक, सुमारे ०.१ मायक्रोमीटर जाडीचा, की ग्रॅम स्टेनने साध्या मायक्रोस्कोपखाली दिसत नाही, डार्क फील्ड लागतं. उत्तर पीसीआर.

हाच प्रश्न बाराव्या दिवसाचा असता तर रक्ताचा पीसीआर निगेटिव्ह येऊ शकतो आणि आयजीएम पॉझिटिव्ह. पण आयजीएम कित्येक महिने टिकून राहू शकतं, तेव्हा एकाच नमुन्यावरून आजार आत्ताचाच असं सिद्ध होत नाही. म्हणून मॅटसाठी दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने घेतात आणि टायटर चारपट वाढलं का ते पाहतात. मॅटमध्ये वेगवेगळ्या सेरोव्हारचे जिवंत लेप्टोस्पायरा आणि सीरमची डायल्यूशन्स एकत्र करून डार्क फील्डखाली गुठळ्या पाहतात. निम्मे जिवाणू गुठळीत गेलेले दिसतात ते शेवटचं डायल्यूशन म्हणजे टायटर. १:१०० वरून १:२०० ही दुप्पट वाढ, ती ग्राह्य नाही. १:४०० झालं तर झालं.

एलायझात चुकतं काय, तेही इथेच लिहा. सगळ्या वेलमध्ये, निगेटिव्ह कंट्रोलमध्येसुद्धा रंग आला, तर धुणं कमी झालं किंवा ब्लॉकिंग राहिलं. पॉझिटिव्ह कंट्रोललाही रंग नाही, तर एन्झाइम जोडलेली अँटीबॉडी किंवा सबस्ट्रेट खराब झालेलं, रुग्णाबद्दल काहीच बोलता येत नाही.

पाचवा आठवडा: कोण कोणाला चिकटतं

इथे तीन पद्धती एका शिडीसारख्या लावा. प्रोटीन या डीएनए तुकड्याला चिकटतं का, हे इएमएसए सांगतं: चिकटलं तर तुकडा जेलवर मागे राहतो, प्रोटीनविरोधी अँटीबॉडी घातली तर आणखी मागे. तुकड्यात नेमकं कुठल्या बेसवर चिकटतं, हे डीएनेज फूटप्रिंटिंग सांगतं: झाकलेला भाग कापला जात नाही, म्हणून जेलवर तेवढी शिडी रिकामी. आणि जिवंत पेशीत ते खरोखर तिथे बसतं का, हे चिप म्हणजे क्रोमॅटिन इम्युनोप्रेसिपिटेशन सांगतं, कारण त्यात फॉर्मल्डिहाइडने पेशीतच गाठ मारून घेतात. पहिल्या दोन पद्धती नळीतल्या आहेत, पेशीबद्दल काही सिद्ध करत नाहीत. चिपमधलं प्रोटीन मधल्या दुसऱ्या प्रोटीनमार्फतही तिथे बसलेलं असू शकतं, म्हणजे थेट स्पर्श सिद्ध होत नाही. को-इम्युनोप्रेसिपिटेशनलाही हीच मर्यादा.

सहाव्या आठवड्यात उरलेलं: मायक्रोस्कोपी, सेंट्रीफ्यूज, क्रोमॅटोग्राफी, फ्लो सायटोमेट्री. यांना दिवसाला एक पान पुरे. फ्लो सायटोमेट्रीत एवढं नक्की करा की अनेक्झिन-व्ही पकडतं ते पेशीच्या बाहेरच्या बाजूला आलेल्या फॉस्फॅटिडिलसेरिनला, आणि प्रोपिडियम आयोडाइड शिरतं ते पडदा फाटलेल्या पेशीत. फक्त पहिलं पॉझिटिव्ह म्हणजे ॲपोप्टोसिसची सुरुवात, दोन्ही पॉझिटिव्ह म्हणजे ॲपोप्टोसिसच्या शेवटच्या टप्प्यातली किंवा मेलेली पेशी.

शेवटचे दोन आठवडे नवीन वाचन बंद, फक्त प्रश्न. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासमोर बरोबर उत्तर लिहू नका, कोणत्या रकान्यात चुकलं त्याचा आकडा लिहा. तिसऱ्या दिवसापर्यंत आकड्यांचा कल दिसू लागतो. १ जास्त आले तर तुम्ही प्रश्नातला नमुना नीट वाचत नाही. अशा वेळी पर्याय हाताने झाकून आधी नमुन्याखाली रेघ मारायची. २ जास्त आले तर प्रोब आणि अँटीबॉडी पुन्हा मिसळताहेत, दुसरं आणि चौथं पान उघडा. ४ जास्त आले तर शेवटचा रकाना भरताना टंगळमंगळ झाली आहे. पहिल्या पानापासून तेवढाच रकाना झाकून, न बघता पुन्हा लिहून काढा. त्याला दोन संध्याकाळी लागतात.